पाट राखतो तुमचा: निरोपाचं पद बांधताना

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत अनंत चतुर्दशीला उत्तरपूजा झाली की लगेच मूर्ती उचलत नाहीत. आधी निरोपाचं पद होतं. आरती वेगळी, ती आधीच होऊन गेलेली असते. हे पद दर वर्षी नवीन लिहिलेलं असतं आणि त्यात त्या वर्षी बिल्डिंगमध्ये काय काय झालं ते येतं. सी विंगमधल्या आजी ते लिहायच्या. त्यांच्या नजरेला त्रास व्हायला लागला तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तू मीटिंगचं इतिवृत्त लिहितेस ना, मग हेही लिही. फरक एवढाच, की हे लोकांना पाठ झालं पाहिजे."

त्यांचा हा फरक कळायला मला आधी त्यांची वही नीट वाचावी लागली. मला वाटलं होतं, त्यात देवाची स्तुती असेल. तर एका वर्षी गच्चीतल्या गळतीवर कडवं, एका वर्षी दहावीला पास झालेल्या पोरांवर, एका वर्षी मांजरीच्या पिल्लांवर. विद्या, बुद्धी, विघ्नं वगैरे शब्द जवळजवळ नाहीतच. कारण विचारलं तर म्हणाल्या, "ते आरतीत दहा दिवस सांगून झालंय. निघणाऱ्या पाहुण्याला त्याचीच थोरवी कोण ऐकवतं? त्याला म्हणावं, तू होतास तेव्हा असं असं झालं, बरं वाटलं, परत ये."

पदाचा साचा त्यांनी ठरवून ठेवलेला आहे आणि मी तो बदललेला नाही. छोट्या अभंगाचा साचा, म्हणजे एका चरणात आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. 'हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा' बोटांवर मोजलंत तर आठ आणि आठ भरतील. भजनी ठेकाही आठ मात्रांचा, त्यामुळे एका आवर्तनात एक चरण बसतो आणि ढोलकीवाल्याला काही वेगळं सांगावं लागत नाही. आमचा ढोलकीवाला बी विंगमधला कॉलेजचा मुलगा आहे. तो सरावाला येतो असं म्हणतो, पण येत नाही. म्हणून हे महत्त्वाचं.

आठ अक्षरं मोजणं सोपं आहे. ती गळ्यात आठ राहतात का, हे वेगळं. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा 'अ' खाऊन टाकतो. 'दान' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना जवळजवळ एकच. अभंग म्हणताना मात्र 'दा-न' असं दोन्हीला जागा द्यावी लागते. भजनात बसणाऱ्यांना ही सवय असते. आमच्याकडे दहापैकी आठ जण वर्षातून एकदाच गातात, त्यांना नसते. ओळीच्या मधला असा 'अ' मुख्य गाणारा सांभाळून घेतो, पण ओळीच्या टोकाला आलेला गर्दी गिळतेच.

गेल्या वर्षीच्या पालुपदात हेच झालं. गणपती ज्या शिसवी पाटावर बसतो तो पाट वर्षभर सोसायटीच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. विसर्जनाहून रिकामा पाट परत आणायचा, त्यावर तळ्याकाठची चिमूटभर माती ठेवून पुन्हा आरती करायची, अशी रीत आहे. पालुपद त्या पाटावरच असावं असं ठरलं. कागदावर पहिल्यांदा आलं ते असं:

पाट ठेवतो जपून
यावे वर्षाने फिरून

अक्षरं आठ-आठ बरोबर, यमक बरोबर, अर्थही हवा तोच. सरावाला पार्किंगमध्ये वीस-बावीस जणांनी म्हटलं आणि प्रत्येक ओळ 'न्' वर खटकन बंद पडायला लागली. आठव्या मात्रेला आवाजच नाही. ढोलकी एक मात्रा रिकामी वाजवते, गाणारे ती मात्रा न थांबता पुढची ओळ सुरू करतात, आणि तिसऱ्या फेरीला ढोलकी एकीकडे आणि आम्ही दुसरीकडे. अशी गडबड कशी ओळखायची, तर टाळ्यांकडे बघायचं. लोक टाळी ओळीच्या सुरुवातीला देतात. ती हळूहळू अलीकडे सरकायला लागली, की समजायचं शेवटचं अक्षर कुणीतरी खातंय.

पेटी वाजवणाऱ्या काकांनी 'राखोनी' आणि 'फिरोनी' असं करून बघा म्हटलं. शेवट उघडा झाला, गायलाही छान लागलं. पण पुढच्या कडव्यात टँकर आणि मागच्या ओळीत 'फिरोनी', हे काही माझ्या मनाला पटेना. संतांचं वळण उसनं घेतलं की बाकीचं आपलं बोलणं उगाच ओशाळल्यासारखं वाटतं. मग रात्री भांडी घासताना सुचलं ते हे:

पाट राखतो तुमचा
शब्द द्या हो परतीचा

दोन्ही ओळी 'आ' वर उघड्या राहतात, त्यामुळे हवं तेवढं लांबवता येतं, लहान मुलांना तर ओरडताही येतं. दुसरं म्हणजे उत्तरपूजेत अक्षता टाकताना गुरुजी जो श्लोक म्हणतात त्याचा शेवट 'पुनरागमनाय च' असा आहे, आणि आमचं पद बरोबर त्यानंतर सुरू होतं. गुरुजी संस्कृतात परत येण्याचं म्हणून थांबतात, तिथूनच आम्ही मराठीत उचलतो. हे जुळून आलं, मी जुळवलेलं नाही. देवाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' यावर थोडी चर्चा झाली. आजींनी ती दोन वाक्यांत मिटवली: पुढच्या वर्षी लवकर 'या' असंच आपण ओरडतो, मग पदात वेगळं कशाला.

कडवी लिहायला मी विषय गोळा करते. गणपती बसल्यावर रोज संध्याकाळच्या आरतीनंतर पाचेक मिनिटं कुणाशी तरी बोलायचं, या वर्षी काय लक्षात राहिलं एवढंच विचारायचं. गेल्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच होतं, पाणी. ऐन उत्सवात पाणी गेलं होतं आणि त्याच दिवशी सोसायटीच्या महिलांनी उकडीच्या मोदकांचा घाट घातला होता.

नळ कोरडे पडले
टँकर दारी अडले
तरी मोदक वाफेचे
कोणी कमी न पाडले

हे पहिलं कडवं. पहिल्या कडव्याला फार काही करायचं नसतं, ऐकणाऱ्याला 'अरे, हे आपलंच आहे' एवढं वाटलं की पुरे. 'टँकर'मधला 'क' आणि 'र' वेगवेगळे म्हणावे लागतात, ते मी आधी एकदा म्हणून दाखवते. इंग्रजीतून आलेले शब्द असेच फसवे असतात.

दुसऱ्या कडव्यावर खरी चर्चा झाली. ए विंगमधली दोन घरं पार्किंगच्या जागेवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशीच्या आरतीला टाळ कमी पडले आणि त्यातले दोघे कर्ते पुरुष शेजारी शेजारी उभे. एकाने न बोलता आपल्या जोडीतला एक टाळ दुसऱ्याच्या हातात दिला. एका जोडीतला एकेक टाळ दोघांच्या हातात, म्हणजे दोघांनी मिळूनच वाजवायचं! सगळ्यांनी पाहिलं. हे पदात यायलाच हवं होतं. पहिला खर्डा असा होता:

गाडीवरून भांडले
आरतीला ते दंगले
टाळ वाटून घेताना
मुकाट्याने ते हासले

'पार्किंगवरून भांडले' म्हणायचं होतं, पण त्याची नऊ अक्षरं होतात, म्हणून 'गाडीवरून'. कमिटीच्या बैठकीत हे वाचल्यावर सेक्रेटरी काका गप्प झाले. नावं नव्हती, पण 'ते' कोण हे वॉचमनलासुद्धा ठाऊक होतं. दीडशे लोकांनी दोन माणसांकडे बघत हे गायचं, म्हणजे निरोप बाजूला राहिला आणि त्यांची वरात निघाली. कुणी म्हणालं कडवंच काढा. आजी म्हणाल्या, "काढू नका, कर्ता बदला." त्या इतकंच बोलल्या, पण बाकीचं आपोआप झालं:

गाडीवरून भांडलो
आरतीला एक झालो
टाळ वाटून घेताना
गालामध्येच हसलो

आता गाणारा स्वतःचंच सांगतो. आणि बघायला गेलं तर आमच्या बिल्डिंगमध्ये गाडीवरून भांडला नाही असा माणूस सापडणार नाही, तेव्हा खोटंही काही नाही. मी दोन्ही घरी जाऊन नवं कडवं वाचून दाखवलं. एकाने चहा दिला. दुसऱ्याने विचारलं, 'त्याने काय म्हटलं?' मग त्यानेही चहा दिला. तेव्हापासून पदात 'ते', 'त्यांनी' दिसलं की मी आधी 'आम्ही' करून बघते. टोमणा असेल तर तो तिथेच विरघळतो. कौतुक असेल तर मात्र 'ते' ठेवावं, कारण 'आम्ही' केलं की ती फुशारकी होते.

पुढचं कडवं लिहायला सोपं गेलं आणि गायला सगळ्यांत अवघड. गणपतीपुढची रांगोळी बी विंगमधल्या एक काकू काढायच्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्या गेल्या. रांगोळी त्यांच्या सुनेने काढली, पण पहिल्या दिवशी ती जागा बराच वेळ तशीच होती, कुणीच पुढे होत नव्हतं.

ज्यांनी रांगोळी घातली
त्यांची जागा रिती झाली
तिथे भेटल्या त्या तर
सांगा आमुची खुशाली

यात मी दुःखाचा एकही शब्द घातला नाही, मुद्दाम. निरोपाच्या दिवशी लोकांचे गळे आधीच भरलेले असतात. 'अश्रू', 'विरह', 'पोरके' असे शब्द टाकले, की लोक रडतात आणि गाणं थांबतं. निरोपाच्या कडव्याने गाणाऱ्याला काहीतरी काम द्यावं असं मला वाटतं. इथे देवाच्या हाती निरोप पाठवायचा आहे, तो सांगून पूर्ण करायचा आहे, म्हणून माणूस आवाज धरून ठेवतो.

तरीही हे कडवं कुठे ठेवायचं, हा प्रश्न होताच. शेवटी ठेवलं असतं तर मूर्ती उचलायच्या क्षणाला सगळे मुके. म्हणून ते तिसरं ठेवलं आणि त्याच्या पाठीला पोरांचं कडवं लावलं:

उंदरा रे, तुझ्यासाठी
लाडू एक लपवला
आईला तो सापडला
आजोबांनी संपवला

हे फक्त मुलांनी म्हणायचं, मोठ्यांनी पालुपद धरायचं. लाडवाची गोष्ट खरी आहे. 'बाबांनीच तो खाल्ला' असं मुलांनी सुचवलं होतं, पण ते सात अक्षरांत संपतं, आणि सात अक्षरं म्हणजे पायरी चुकल्यासारखं होतं. 'आजोबांनी संपवला' बरोबर आठ अक्षरी निघालं आणि आजोबांना त्याचा अभिमानच वाटला. तिसऱ्या कडव्यानंतर डोळे पुसत असलेले लोक 'आजोबांनी'वर हसतात आणि त्या हसण्यात आवाज परत येतो. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, आजींच्या वहीत सापडलं. त्यांच्या प्रत्येक रडवणाऱ्या कडव्यानंतर एखादं पोर किंवा मांजर असतंच.

चालीबद्दल थोडं सांगते. ती आम्ही पाच सुरांच्या आतच ठेवतो. पट्टी पेटीवाले काका ठरवतात, आणि ती पुरुषांना जरा उंच आणि बायकांना जरा खाली अशीच बसते. दोघांनाही पूर्ण सोयीची पट्टी मिळत नाही, ते सोडून द्यायचं. पण गर्दी चढत गेली की पट्टीही चढते. मुलं किंचाळायला लागली आणि मागचे आजोबा लोक नुसतेच ओठ हलवताना दिसले, की समजावं गाडी वर गेली. त्यावर उपाय एवढाच, की प्रत्येक कडव्याआधी पेटीने पालुपद एकटीने वाजवायचं आणि गाणाऱ्याने तिथून सूर उचलायचा. सगळ्यांना कडवी पाठ नसतातच, ती असायची गरजही नाही. मी ओळ म्हणते, बाकीचे झील धरतात. पाठ हवं ते फक्त पालुपद. एका वर्षी कडवी छापून वाटली होती. एका हातात कागद, एका हातात झांज, चष्मा घरी, आणि वरून पाऊस. त्यानंतर छापलेलं नाही.

माईकही पार्किंगमध्ये नसतो. वरचा स्लॅब बुटका आहे, खाली फरशी, त्यामुळे स्पीकर लावला की शब्द एकमेकांवर आपटतात आणि 'पाट राखतो'चं नुसतं 'आट आट' ऐकू येतं. गेटबाहेर पडल्यावर दुसरी अडचण येते. मिरवणूक लांबते, मी पुढे असले तर शेवटच्या माणसापर्यंत आवाज उशिराच पोचतो, आणि तो तेवढ्याच उशिराने झील देतो. ऐकायला हा उशीर अर्ध्या सेकंदाहून कमी असतो, पण ठेका मोडायला तेवढा पुरतो. म्हणून मी आणि ढोलकी दोघं मिरवणुकीच्या मध्ये चालतो, मूर्तीच्या मागे. पुढे लेझीम, त्यांना आमच्या पदाचं काही पडलेलं नसतं.

सोसायटीला एक फेरी मारून, प्रत्येक विंगच्या दारात थांबून मग बाहेर पडायचं. ज्यांना खाली उतरता येत नाही ते गॅलरीतून अक्षता टाकतात. तिथे थांबल्यावर फक्त पालुपद दोनदा. पूर्ण पद प्रत्येक दारात म्हणावं असा हट्ट एकदा झाला होता. तिसऱ्या दारापर्यंत मूर्ती उचललेल्यांचे खांदे बोलायला लागले.

तळ्यावर तर फारच थोडा वेळ मिळतो. महापालिकेचा कृत्रिम तलाव असतो, बाजूला निर्माल्य वेगळं घेतात, टेबलावर मूर्ती ठेवून शेवटची आरती करायची आणि मग ती स्वयंसेवकांच्या हाती द्यायची. आपण पाण्यात उतरायचं नाही. मागे दुसरी मंडळं उभी असतात, त्यांची आरती आपल्या आरतीत मिसळते. इथे पाच कडवी म्हणणं म्हणजे दुसऱ्याची वाट अडवणं. म्हणून शेवटचं कडवं राखून ठेवलेलं असतं, ते फक्त इथे, दहीपोह्यांची शिदोरी पुढे ठेवताना:

उणेदुणे जे घडले
पोटात घाला मोरया
पाणी ओंजळीत घेतो
वाट पाहतो मोरया

पोटात घालायचं ते लंबोदराला सांगायचं, हा आजींचा आवडता खेळ, त्यांच्या वहीत तो दोनतीनदा आला आहे, मी उचलला. शेवट 'मोरया'वर ठेवण्यामागे हिशेब आहे. आजूबाजूला कितीही गोंगाट असू दे, 'मोरया' ऐकलं की अनोळखी माणसंही ओरडतात. गेल्या वर्षी मागच्या मंडळातल्या मुलांनी आमच्या चौथ्या ओळीला झील दिली आणि आम्हाला ती पुन्हा म्हणावी लागली. स्वयंसेवक मूर्ती घेऊन दोन पायऱ्या उतरला होता, तो तेवढ्यासाठी थांबला.

या वर्षीच्या पदाला अजून वेळ आहे, पण विषय आत्ताच आलाय. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार अशी बोलणी सुरू आहेत. तसं झालं तर मधली काही वर्षं सगळे भाड्याच्या घरांत विखुरलेले असतील, आणि भर मिरवणुकीत शब्द दिलेला पाट ठेवायचा कुणाकडे यावर गेल्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. खजिनदार म्हणतात माझ्याकडे, सेक्रेटरी काका म्हणतात सोसायटीची मालमत्ता कुणा एकाच्या घरी ठेवता येत नाही, ठराव लागेल. त्यातच कुणीतरी म्हणालं, यंदा कडवं त्यावरच लिहा. मी बोटांवर मोजून पाहिलं. 'पुनर्विकास' पाच अक्षरं, 'बिल्डर' तीन, चरण बरोबर आठचा भरतो. आजींना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "'बिल्डर' टोकाला आला की शेवटचा 'र' गिळतील. आणि आधी करारनाम्यावर सह्या होऊ देत."